‘प्रवाह सुधार’ म्हणजे नेमकं काय करायचं?

मुलांच्या निबंधांवर, शाळेच्या प्रकल्पांवर आणि कॉलेजच्या असाइनमेंटवर दोन शेरे हमखास दिसतात. पहिला, ‘प्रवाह सुधार’. दुसरा, ‘अधिक चिकित्सक विचार कर’. इंग्रजी माध्यमात हेच शेरे ‘इम्प्रूव्ह फ्लो’ आणि ‘बी मोअर क्रिटिकल’ या रूपात येतात. तपासणाऱ्याला वाचताना काहीतरी खटकलेलं असतं आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण मुलाच्या हाती एवढंच लागतं की कुठेतरी काहीतरी चुकलंय. कुठे चुकलं आणि आता टेबलापाशी बसून काय करायचं, हे त्या दोन शब्दांत नसतं.

मग मूल आपल्या परीने अर्थ लावतं. ‘प्रवाह सुधार’ म्हटलं की वाक्यांच्या सुरुवातीला ‘तसेच’, ‘त्यामुळे’, ‘याशिवाय’ असे शब्द पेरतं. वाक्यं होती तिथेच राहतात, फक्त त्यांच्यामध्ये टाके पडतात. ‘चिकित्सक विचार कर’ या शेऱ्याचं तर आणखी गमतीदार होतं. ‘क्रिटिकल’ म्हणजे ‘टीका’ असं आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं. त्यामुळे मुलं शेवटी एक परिच्छेद वाढवतात आणि त्यात सरकारला, समाजाला किंवा ‘आजच्या पिढीला’ चार खडे बोल सुनावतात. दोन्ही वेळा मुलाने मेहनत घेतलेली असते, सांगितलेलं ऐकलेलं असतं, आणि तरी लेखन होतं तसंच राहतं.

लेखन शिकवण्याच्या क्षेत्रात नॅन्सी सॉमर्स या अमेरिकी अभ्यासिकेचा १९८२ सालचा एक लेख खूप वाचला जातो. विद्यार्थ्यांच्या लेखनावर शिक्षक काय शेरे देतात, हे त्यांनी तपासलं होतं. त्यांना दिसलं की बरेचसे शेरे त्या लेखनाबद्दल नसतातच. ते रबरी शिक्क्यासारखे असतात. एका वहीवरचा शेरा उचलून दुसरीवर ठेवला तरी काही बिघडत नाही.

यातून घरच्या घरी वापरता येईल अशी एक चाचणी मिळते. आपण लिहिलेला शेरा दुसऱ्या कुठल्याही मुलाच्या वहीवर जसाच्या तसा चालेल का? चालत असेल, तर तो अजून पूर्ण झालेला नाही.

तो पूर्ण कसा करायचा, हे एका उदाहरणावर करून पाहू.

नमुन्याचा परिच्छेद

अकरावीतली एक मुलगी पर्यावरणाच्या प्रकल्पासाठी ‘प्लास्टिक बंदी’ या विषयावर लिहिते आहे असं समजा. ती महाराष्ट्राबाहेरच्या एका शहरात राहते आणि जवळच्या भाजी मंडईत स्वतः फिरून आली आहे. हा परिच्छेद या लेखासाठी तयार केलेला आहे, पण असा परिच्छेद तुम्ही नक्की वाचला असेल. सोयीसाठी वाक्यांना क्रमांक दिले आहेत.

(१) प्लास्टिक ही आजच्या काळातली मोठी समस्या आहे. (२) आमच्या मंडईतल्या १२ भाजीवाल्यांपैकी ९ जणांकडे प्लास्टिकच्या पिशव्या होत्या. (३) सरकारने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकायच्या प्लास्टिकवर बंदी घातली. (४) गाई पिशव्या खातात आणि आजारी पडतात. (५) कापडी पिशवी परवडत नाही असे विक्रेते सांगतात. (६) ही बंदी पूर्णपणे फसली आहे. (७) लोकांमध्ये जागरूकता नाही.

शुद्धलेखन ठीक आहे. एकेक वाक्य सुटं वाचलं तर समजतं. मुलीने मंडईत जाऊन मोजणी केली आहे, ही तर मोठीच जमेची बाजू. तरीही वाचताना गाडी धक्के खाते. खाली शेरा येतो: ‘प्रवाह सुधार. अधिक चिकित्सक विचार कर.’

धक्का कुठे बसतो ते शोधू

‘प्रवाह’ हा शब्द बाजूला ठेवा आणि पेन्सिल घ्या. प्रत्येक वाक्य कशाबद्दल आहे ते समासात एका शब्दात लिहा. इथे यादी अशी होते: समस्या, मंडई, सरकार, गाई, विक्रेते, बंदी, लोक.

सात वाक्यं आणि सात विषय. वाचणाऱ्याला दर वाक्यागणिक मान वळवावी लागते. ‘प्रवाह नाही’ असं जे वाटत होतं, ते हेच. आता ते बोट ठेवून दाखवता येतं आणि मुख्य म्हणजे मुलगी स्वतःही ही यादी करून ते पाहू शकते.

पुढची पायरी म्हणजे आपण कुठे अडखळलो ते आठवणं. वाक्य २ वाचल्यावर मनात आलं, ‘९ जणांकडे पिशव्या होत्या. बरं, मग? असायला नको होत्या का?’ त्याचं उत्तर वाक्य ३ मध्ये आहे, म्हणजे उशिरा आलं. वाक्य ३ नंतर वाटलं की आता बंदीचं काय झालं ते कळेल, तर मध्येच गाई आल्या. वाक्य ५ मध्ये विक्रेत्यांचं म्हणणं आहे, पण ते मंडईच्या वाक्यापासून तीन वाक्यं लांब पडलं आहे.

वाचकाला साधारणपणे एक गोष्ट सोपी जाते. वाक्याची सुरुवात त्याला आधीच माहीत असलेल्या गोष्टीने व्हावी आणि नवी माहिती त्यानंतर यावी. ती नवी माहिती मग पुढच्या वाक्यासाठी जुनी होते. आगगाडीचे डबे जोडावेत तसं हे जोडलं जातं. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्यामुळे इंग्रजीप्रमाणे ‘नवी गोष्ट अगदी शेवटच्या शब्दात’ असं करता येत नाही. आपल्याकडे ती बहुधा क्रियापदाच्या आधी बसते. पण सुरुवात ओळखीच्या गोष्टीने करायची, हे मराठीलाही लागू आहे. ‘हा नियम’, ‘त्यांपैकी ९ जण’, ‘या विक्रेत्यांना’ अशी वाक्याची सुरुवात झाली की मागच्या डब्याची साखळी पुढच्या डब्याला लागते.

आता शेरा असा लिहिता येईल:

‘तुझ्या सात वाक्यांचे सात वेगळे विषय आहेत, त्यामुळे मी वाक्य २ आणि ४ पाशी अडखळले. पिशव्या असण्यात काय बिघडलं, हे मला वाक्य ३ पर्यंत कळलं नाही. म्हणून नियमाचं वाक्य मंडईच्या वाक्याआधी आण. विक्रेत्यांचं म्हणणं मंडईच्या वाक्याला लागून ठेव. गाईंचं वाक्य इथून काढ, हवं तर परिणामांच्या परिच्छेदात घे. मग प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला मागच्या वाक्यातली एखादी गोष्ट येते का, ते पाहा.’

या शेऱ्यात चार गोष्टी आहेत. कुठे, वाचताना काय झालं, का झालं, आणि आता काय करायचं. शेवटच्या ओळीत एक पाचवी गोष्टही आहे. जमलं की नाही हे मुलीला स्वतः कसं कळेल, ते तिथे सांगितलं आहे. ‘मी अडखळले’ या शब्दांचाही उपयोग होतो. ‘तुला लिहिता येत नाही’ असा निवाडा त्यात नाही. एका वाचकाला काय झालं, एवढीच माहिती आहे, आणि त्या माहितीवर रुसून बसायचं कारण उरत नाही.

वाक्यं जवळ आणली की भेग दिसते

मुलगी सांगितल्याप्रमाणे वाक्यं हलवते. आता सुरुवात अशी होते: ‘सरकारने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकायच्या प्लास्टिकवर बंदी घातली. तरीही आमच्या मंडईतल्या १२ भाजीवाल्यांपैकी ९ जणांकडे प्लास्टिकच्या पिशव्या होत्या.’

वाक्यं शेजारी आली आणि एक नवाच प्रश्न उभा राहिला. १ जुलै २०२२ च्या त्या बंदीत पिशव्या होत्या का?

नव्हत्या. त्या यादीत प्लास्टिकच्या काड्या असलेले कानकोरणीचे बड्स, स्ट्रॉ, प्लेट, कप, चमचे, आइस्क्रीमच्या काड्या, सजावटीचं थर्माकोल अशा ठरावीक वस्तू होत्या. सामान न्यायच्या पिशव्यांचा नियम वेगळा आहे आणि तो जाडीवर ठरतो. ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांना मनाई झाली आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून ही मर्यादा १२० मायक्रॉनवर गेली. काही राज्यांचे स्वतःचे नियम याहून कडक आहेत. महाराष्ट्राने २०१८ मध्येच पिशव्यांवर आपली वेगळी बंदी आणली होती.

म्हणजे मुलीने बंदी एका गोष्टीवरची सांगितली आणि मंडईत मोजली दुसरीच गोष्ट. मूळ परिच्छेदात या दोन वाक्यांचा क्रम उलटा होता, त्यामुळे ही भेग झाकली गेली होती. लेखन तपासताना असं वारंवार घडतं. दोन वाक्यांमध्ये जिथे धक्का बसतो, तिथे पुष्कळदा विचाराचीच एक पायरी गळलेली असते. ती पायरी ‘त्यामुळे’ लिहून भरत नाही.

आणि इथूनच दुसऱ्या शेऱ्याचा अर्थ लागायला सुरुवात होते.

‘चिकित्सक’ म्हणजे तीन प्रश्न

चिकित्सा हा शब्द आपण वैद्याकडेही वापरतो. वैद्य रोग्याला रागावत नाही, तपासतो. लेखनातली चिकित्साही तशीच आहे. मी जे म्हणतो आहे ते माझ्याजवळच्या पुराव्यावर किती टिकतं, हे तपासायचं. त्यासाठी या परिच्छेदाला तीन प्रश्न पुरेसे आहेत.

पहिला प्रश्न: पुरावा आणि विधान एकाच गोष्टीबद्दल आहेत का? इथे ते नाहीत, हे आपण आत्ताच पाहिलं.

दुसरा प्रश्न: विधान पुराव्यापेक्षा मोठं आहे का? पुरावा आहे एका मंडईतल्या १२ विक्रेत्यांचा, तोही एकाच दिवशी पाहिलेला. विधान आहे ‘बंदी पूर्णपणे फसली’. शिवाय त्या १२ पैकी तिघांकडे पिशव्या नव्हत्या. ‘पूर्णपणे’ या शब्दाला तिचीच आकडेवारी आडवी येते.

तिसरा प्रश्न: याच पुराव्यातून दुसरा निष्कर्ष निघतो का? वाक्य ५ मध्ये विक्रेते म्हणतात की कापडी पिशवी परवडत नाही. वाक्य ७ मध्ये मुलगी म्हणते की जागरूकता नाही. पण परवडत नाही असं सांगणाऱ्या माणसाला पर्याय काय आहे ते ठाऊक असतं. त्याची अडचण पैशाची आहे. तिच्याच दोन वाक्यांचं एकमेकांशी पटत नाही आणि हे तिच्या लक्षात आलेलं नाही.

आता ‘चिकित्सक विचार कर’ याऐवजी काय लिहायचं? इथे एक मोह आवरावा लागतो. उत्तरं आपल्याला दिसलेली असतात, ती लिहून टाकावीशी वाटतात. ‘१ जुलैच्या बंदीत पिशव्या नाहीत, १२० मायक्रॉनचा नियम लिही’ असं सांगितलं की मुलगी ते उतरवून घेईल. परिच्छेद सुधारेल, पण पुढच्या प्रकल्पात ती पुन्हा तिथेच अडकेल. शेऱ्याने जागा दाखवावी, प्रश्न द्यावा आणि उत्तर कुठे मिळेल ती दिशा द्यावी. उत्तर तिने शोधायचं.

‘वाक्य २ आणि ३ एकत्र वाच. १ जुलै २०२२ च्या यादीत कोणत्या वस्तू आहेत ते शोध आणि तू मोजलेली वस्तू त्यात आहे का, ते पाहा. नसेल तर पिशव्यांचा नियम कोणता, ते शोध. मंडईत पुन्हा जाशील तेव्हा पिशवीवर काही छापलेलं आहे का, ते बघ.

वाक्य ६ मधला “पूर्णपणे” हा शब्द तुझ्या १२ पैकी ९ या आकड्यावर टिकतो का? तुझ्या मोजणीवरून जेवढं म्हणता येईल तेवढंच सांगणारं वाक्य लिही.

वाक्य ५ आणि ७ मध्ये विक्रेते पिशव्या का वापरतात, याची दोन वेगळी कारणं आहेत. तुझ्याकडे कोणत्या कारणाचा पुरावा आहे? नसेल तर विक्रेत्यांना एक प्रश्न विचारून ये.’

पिशवीवर काय छापलंय ते बघ, ही सूचना उगाच दिलेली नाही. घरात मायक्रॉन मोजायचं साधन कुणाकडे असतं? पण २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत पिशवीवर उत्पादकाचं नाव, नोंदणी क्रमांक आणि जाडी छापण्याची तरतूद होती. हे मात्र डोळ्यांनी पाहता येतं. सूचना अशीच हवी. मुलाच्या हातात असलेल्या वेळेत, साधनांत आणि वयात ती करता आली पाहिजे.

नवा परिच्छेद

मुलगी पुढच्या रविवारी पुन्हा मंडईत जाऊन येते. तिचं दुसरं लेखन असं होऊ शकतं:

‘१२० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिकच्या पिशव्यांना ३१ डिसेंबर २०२२ पासून देशभर मनाई आहे. हा नियम आमच्या मंडईत पाळला जातो का, हे पाहण्यासाठी मी १२ भाजीवाल्यांकडे गेले. त्यांपैकी ९ जण प्लास्टिकच्या पिशव्या देत होते. या पिशव्यांची जाडी मला मोजता आली नाही, पण एकाही पिशवीवर जाडी छापलेली नव्हती. पिशव्या का देता, असे मी या ९ जणांना विचारले. त्यांतल्या ५ जणांनी कापडी पिशवी परवडत नाही असे सांगितले, २ जणांना नियम माहीत नव्हता आणि २ जणांनी उत्तर दिले नाही. म्हणजे निदान या मंडईत नियम न पाळण्यामागे अज्ञानापेक्षा खर्चाचे कारण जास्त दिसते.’

पहिल्या परिच्छेदाशी ताडून पाहा. ‘तसेच’, ‘याशिवाय’ यांतला एकही शब्द आलेला नाही, तरी वाचताना धक्का बसत नाही, कारण प्रत्येक वाक्य मागच्या वाक्याचा हात धरून येतं: हा नियम, त्यांपैकी, या पिशव्यांची, या ९ जणांना, त्यांतल्या. सरकारला कुठेही बोल लावलेला नाही, तरी लेखन आधीपेक्षा कितीतरी चिकित्सक आहे. ‘मला मोजता आली नाही’ आणि ‘निदान या मंडईत’ हे दोन तुकडे ते काम करतात. आपल्याला काय ठाऊक आहे आणि ते कुठे संपतं, हे लिहिणारीला कळलं आहे.

आधी काय, नंतर काय

यातून शेरे देण्याचा क्रमही ठरतो. आधी विचारांबद्दल बोलावं, मग वाक्यांच्या क्रमाबद्दल आणि शेवटी शुद्धलेखनाबद्दल. गाईंच्या वाक्यातली वेलांटी दुरुस्त करून घेतली आणि मग ते वाक्यच काढायला सांगितलं, तर मुलाची मेहनत वाया जाते. पहिल्याच वाचनात ऱ्हस्व-दीर्घाच्या वीस लाल खुणा दिसल्या की मूल त्या वीस दुरुस्त्या करतं आणि काम झालं असं समजतं. पुराव्याचा प्रश्न तसाच राहून जातो.

एका वेळी दोन किंवा तीनच मुद्दे सांगावेत. वरच्या उदाहरणातले शेरे एकदम दिले तर अकरावीतल्या मुलीलाही जड होतील. सातवीतल्या मुलाला ‘पूर्णपणे या शब्दाला तुझा आकडा पुरतो का?’ एवढा एकच प्रश्न पुरे.

एकाच प्रकारची चूक पुन्हा पुन्हा होत असेल तर ती प्रत्येक ठिकाणी समजावून सांगायची गरज नाही. एका जागी नीट समजावावं, बाकीच्या जागी समासात फक्त रेघ ओढावी आणि म्हणावं, ‘असंच आणखी तीन ठिकाणी झालंय, शोधून काढ.’ वर्गातल्या साठ वह्या तपासणाऱ्या शिक्षकांना हाच मार्ग जमण्यासारखा आहे. प्रत्येक वहीवर पानभर लिहिणं कुणालाच शक्य नसतं. पण ‘प्रवाह सुधार’ लिहिण्याऐवजी ‘वाक्य ३ हे २ च्या आधी आण, का ते सांग’ एवढं लिहायला सात-आठ शब्दच जास्त लागतात.

शेरा कळला की नाही?

रॉइस सॅडलर या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने १९८९ मध्ये मांडलेला एक मुद्दा इथे उपयोगी पडतो. सुधारणा व्हायची असेल तर विद्यार्थ्याला तीन गोष्टी लागतात. चांगलं लेखन कसं असतं हे ठाऊक असणं, आपलं लेखन त्याच्याशी ताडून पाहता येणं, आणि मधलं अंतर कमी करण्यासाठी काहीतरी प्रत्यक्ष करता येणं. ‘चिकित्सक विचार कर’ या शेऱ्यात फार तर अंतर आहे एवढं कळतं. चांगलं म्हणजे कसं आणि त्यासाठी काय करायचं, या दोन्ही बाजू कोऱ्या राहतात.

म्हणून शेरा दिल्यावर मुलाला एकच विचारावं: ‘आता बसलास की पहिल्या दहा मिनिटांत काय करशील?’ मूल म्हणालं, ‘नियमाचं वाक्य वर घेईन आणि यादी शोधेन,’ तर शेरा पोचला. ‘अजून छान लिहीन’ असं म्हणालं, तर तो पोचलेला नाही आणि आपल्यालाच तो पुन्हा सांगायला हवा.

नातवंडं दुसऱ्या शहरात असतील आणि परिच्छेदाचा फोटो मोबाइलवर येत असेल, तर आणखी एक सोपा उपाय आहे. परिच्छेद मोठ्याने वाचून व्हॉइस मेसेज पाठवावा. जिथे अडखळलात तिथे थांबून म्हणावं, ‘इथे मला वाटलं की तू आता कारण सांगशील.’ आजीला पर्यावरणाचे नियम ठाऊक नसले तरी चालतं. वाचक कुठे अडतो हे सांगायला वाचक असणं पुरतं.

शेरा आधीच मिळाला असेल तर

काही वाचक स्वतःच विद्यार्थी असतील आणि असा शेरा त्यांच्या वहीत आधीच असेल. ‘सर, प्रवाह म्हणजे काय?’ असं विचारलं तर पुन्हा मोघम उत्तर मिळण्याचा संभव असतो, कारण प्रश्नही मोघमच आहे. त्याऐवजी समासातली ती एका शब्दाची यादी आधी स्वतः करा, संशय येईल ती जागा निवडा आणि ती घेऊन जा. ‘मॅडम, दुसऱ्या परिच्छेदात मंडईनंतर एकदम कायदा येतो. तुम्हाला इथेच तुटल्यासारखं वाटलं का? मी कायदा आधी आणला तर चालेल का?’ या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर देता येतं. आणि ‘नाही, तिथे नाही, पुढच्या पानावर’ असं उत्तर आलं, तरी जागा कळतेच.

‘चिकित्सक’ या शेऱ्यासाठीही हेच करा. आपल्या लेखनातलं सगळ्यांत ठाम वाक्य शोधा. बहुधा त्यात ‘पूर्णपणे’, ‘सर्वच’, ‘कोणीही नाही’, ‘नेहमीच’ असा एखादा शब्द असतो. त्याखाली रेघ ओढा आणि शेजारी लिहा: हे मला कशावरून माहीत आहे? उत्तर दोन ओळींत लिहिता आलं तर ते लेखनात घ्या. नाही आलं, तर वाक्य तेवढं लहान करा. मग सरांना दाखवा आणि विचारा, ‘तुम्ही म्हणत होतात ते हेच का?’